प्रोटीनने किडनी खराब होते का? आधी तपासणी, मग ताटाचा हिशेब

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरानं प्रोटीन पावडरचा डबा घरी आणला की कोणी ना कोणी म्हणतंच, "हे खाशील तं किडन्या जातीन." त्याच घरात शुगरचे जुने पेशंट असलेले काका असतात आणि त्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, "क्रिएटिनिन वाढलं, आता डाळ बंद." पोराच्या बाबतीत भीती बहुतेक वेळा फुकटची असते. काकांच्या बाबतीत काळजी योग्य असते, पण उपाय चुकीचा असतो. आणखी एक गंमत अशी की काकांची किडनी वाचावी म्हणून डाळ बंद होते आणि पोरासाठी आणलेल्या डब्यातला एक चमचा "अशक्तपणा आहे" म्हणून काकांनाच दिला जातो.

म्हणून "प्रोटीन चांगलं की वाईट" हा प्रश्नच बाजूला ठेवावा. आपली किडनी ठणठणीत आहे की आधीच दुखावलेली, हे पहिल्यांदा कळायला हवं. ते कळलं की आपल्या वजनाला रोज किती ग्रॅम प्रोटीन चालतं आणि सध्या ताटातून किती जातं, हे काढता येतं. हा हिशेब घरी वहीवर होतो.

## किडनीत नेमकं काय घडतं

खाल्लेलं प्रोटीन पोटात सुटं होतं आणि शरीर त्यातून स्नायू, रक्त, कातडी बांधतं. जे उरतं त्यातला नायट्रोजन यकृतात युरिया बनतो आणि तो युरिया बाहेर टाकायचं काम किडनीचं. त्यामुळे मटणाचं भरपेट जेवण झालं की किडनीतल्या बारीक गाळण्यांकडे रक्त जास्त येतं आणि गाळण्याचा वेग काही तासांसाठी वाढतो. निरोगी किडनीत ही वाढ पेलण्याइतकी राखीव ताकद असते. पळताना छाती धडधडते म्हणून कुणी हृदय बिघडलं म्हणत नाही, तसंच हे.

या वाढलेल्या वेगावरूनच शंका निघाली. 1982 साली ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की हा ताण वर्षानुवर्षं राहिला तर गाळण्या झिजत असाव्यात. निरोगी माणसांच्या बाबतीत पुढच्या पुराव्यांनी या शंकेला फारसा आधार दिला नाही. 2018 साली 28 चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. त्यात जास्त प्रोटीन खाणाऱ्या निरोगी प्रौढांच्या किडनीचं काम काळानुसार अधिक घसरलेलं दिसलं नाही. या चाचण्या आयुष्यभराच्या नाहीत, हेही लक्षात असू द्यावं. "रोज अडीच-तीन ग्रॅम दर किलोला, वीस वर्षं" असा पुरावा कुणाकडेच नाही.

आधीच इजा झालेल्या किडनीची गोष्ट निराळी. तिथे काही गाळण्या कायमच्या बंद पडलेल्या असतात आणि उरलेल्या गाळण्या त्यांचंही काम ओढत असतात. त्यांच्यातला दाब आधीच चढलेला असतो. त्यावर रोज जादा प्रोटीन पडलं की दाब आणखी वाढतो, लघवीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन गळतं आणि चालू गाळण्याही हळूहळू कडक होतात. अमेरिकेतल्या परिचारिकांचा 11 वर्षं पाठपुरावा करून 2003 साली निघालेल्या अभ्यासात हाच फरक दिसला. ज्यांची किडनी नॉर्मल होती त्यांच्यात जास्त प्रोटीनचा आणि घसरणीचा संबंध नव्हता. ज्यांचं काम सुरुवातीलाच थोडं कमी होतं त्यांच्यात मात्र जास्त प्रोटीनसोबत घसरणही जास्त होती, आणि तो संबंध मुख्यतः दूध सोडून इतर प्राणिज प्रोटीनशी, म्हणजे मांस-मासे-अंड्यांशी होता.

अडचण अशी की या दुसऱ्या गटातल्या बहुतेकांना आपण त्या गटात आहोत हेच माहीत नसतं. किडनीचं निम्मं काम गेलं तरी दुखत नाही, खुपत नाही. पायावर सूज आणि लघवीला फेस ही लक्षणं उशिरा येतात.

## पायरी पहिली: आपण कोणत्या गटात आहोत ते शोधा

तीन गोष्टी लागतात. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो स्नायूंचा कचरा, आणि त्यावरून काढलेलं ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज; लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण म्हणजे एसीआर, आणि ब्लड प्रेशर. "किडनी प्रोफाइल" नावाच्या महागड्या पॅकेजची गरज नाही. क्रिएटिनिन सरकारी दवाखान्यातून होऊ शकतं. एसीआरसाठी बहुधा तालुक्याची किंवा जिल्ह्याची लॅब गाठावी लागते, पण तो टाळू नये. लघवीत बुडवायची साधी पट्टी अल्ब्युमिन बरंच गळायला लागल्यावरच रंग बदलते. सुरुवातीची गळती तिला दिसत नाही.

क्रिएटिनिनचा नुसता आकडा फसवतो, कारण ते स्नायूंतून तयार होतं. दोन उदाहरणं पाहा. साठ वर्षांच्या, बेचाळीस किलो वजनाच्या शेतमजूर मावशीचं क्रिएटिनिन 1.1 आलं. लॅबच्या कागदावर ते बहुधा नॉर्मलच्या रकान्यात बसतं. पण वय आणि लिंग धरून काढलेलं ईजीएफआर निघतं सुमारे 57, म्हणजे 60 च्या खाली. तिचे स्नायू बारीक असल्यामुळे खरा आकडा याहूनही कमी असू शकतो. उलट चोवीस वर्षांच्या कसलेल्या पोराचं क्रिएटिनिन 1.3 येतं, ईजीएफआर 79 दिसतं आणि घरचे घाबरतात. तो जर क्रिएटिन नावाची पावडर घेत असेल आणि आदल्या रात्री चिकन खाल्लं असेल, तर हा आकडा किडनी बिघडल्यामुळे वाढलेला असेलच असं नाही. क्रिएटिनचंच क्रिएटिनिन होतं, आणि शिजलेल्या मांसातूनही ते थेट रक्तात येतं.

म्हणून तपासणीची तयारी नीट करायची. आदल्या दिवशी दुपारनंतर मटण, चिकन, मासे नको. दोन दिवस जोरकस व्यायाम किंवा धावणं नको, कारण त्यानं क्रिएटिनिनही चढतं आणि लघवीत अल्ब्युमिनही येतं. क्रिएटिन घेत असाल तर दोन आठवडे बंद ठेवून मग रक्त द्या. पाणी रोजच्यासारखं प्या. उन्हात दिवसभर कापूस वेचून कोरड्या अंगानं रक्त दिलं की आकडा वर जातो. एसीआरसाठी सकाळची पहिली लघवी द्यावी. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा पाळी चालू असताना देऊ नये. एवढं करूनही आकड्याबद्दल शंका राहिली आणि शरीर फार बारीक किंवा फार पिळदार असेल, तर डॉक्टरांना सिस्टॅटिन सी या चाचणीबद्दल विचारा. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते.

कागद हातात आला की असं वाचा. ईजीएफआर 60 च्या वर, एसीआर 30 च्या खाली, ब्लड प्रेशर ठीक, आणि किडनीची दुसरी काही इजा माहीत नसेल तर तुम्ही निरोगी गटात. ईजीएफआर 60 च्या खाली किंवा एसीआर 30 च्या वर असेल तर घाबरून लगेच आहार बदलू नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तीन महिने टिकून राहिलेला बिघाडच किडनीचा जुना आजार मानला जातो. मात्र क्रिएटिनिन एकाएकी दुप्पट झालं, लघवी फार कमी झाली किंवा अंग सुजलं, तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

शुगर किंवा बीपी असलेल्यांनी ही तपासणी दरवर्षी करावी, पावडर घेवोत न घेवोत. घरात कुणाला किडनीचा आजार असेल, वारंवार मुतखडा होत असेल, एकच किडनी असेल, किंवा कंबर-गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, त्यांनीही जादा प्रोटीन सुरू करण्याआधी तपासून घ्यावं. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात. त्यामागचं नेमकं कारण पक्कं ठरलेलं नसलं, तरी तिथल्या खारट पाण्यानं पोटात जादा मीठ जातं हे नक्की. त्या पट्ट्यातल्या माणसानं आधी तपासणीच करावी.

## पायरी दुसरी: ताटातलं प्रोटीन मोजा

लोक इथे सर्वात जास्त चुकतात, कारण प्रोटीन म्हटलं की डाळ, अंडी, मटण एवढंच आठवतं. आपल्याकडे भाकर पोटभर खाल्ली जाते, आणि ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ग्रॅम प्रोटीन असतं. गव्हाच्या कणकेतही तेवढंच, तांदळात 8 च्या आसपास. तूर, चणा, मूग या डाळींत कच्च्या वजनाच्या 100 ग्रॅमला 21 ते 24, शेंगदाण्यांत 24 च्या घरात. एका अंड्यात 6, त्यातल्या पांढऱ्यात साडेतीन. गाईच्या 100 मिली दुधात 3 च्या थोडं वर, म्हशीच्या दुधात पावणेचार. बोकडाच्या किंवा कोंबडीच्या 100 ग्रॅम कच्च्या, हाड काढलेल्या मांसात 20. सोयाबीनच्या वड्यांत मात्र 100 ग्रॅमला 50 च्या वर, म्हणून त्या नेहमी तोलून घ्याव्यात. भिजून फुगलेली वाटीभर वडी आणि कोरडी वाटीभर वडी यांत फार फरक पडतो.

मोजताना कच्चं, कोरडं वजन धरायचं. शिजलेल्या वाटीवर भरवसा ठेवू नये. पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम 12-15 ग्रॅम असते, म्हणजे प्रोटीन फक्त 3 ग्रॅम. तेच घट्ट गोळा वरण असेल तर 6-7 ग्रॅम. घरच्या बाईला विचारून डब्यातून किती डाळ, किती पीठ काढलं जातं ते एकदा तोलावं, आणि खाणाऱ्या माणसांनी भागावं. दोन-तीन दिवसांत अंदाज बसतो.

## पायरी तिसरी: निरोगी असाल तर

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनाला रोज 0.83 ग्रॅम सांगते. 65 किलोच्या माणसाला 54 ग्रॅम. हा आकडा गरज भागवण्याचा आहे, धोक्याची रेषा नव्हे. धावणं, वजन उचलणं, अंग कसणं चालू असेल तर 1.2 ते 1.6 ग्रॅम पुरतात. भरतीची तयारी करणाऱ्या 65 किलोच्या पोराला 1.6 नं 104 ग्रॅम. त्याहून वर, 2 ग्रॅमपर्यंत गेल्यानं निरोगी किडनीला इजा झाल्याचा चांगला पुरावा नाही, पण स्नायूंनाही फारसा जास्त फायदा होत नाही. जादा प्रोटीन जळून जातं आणि त्याचा युरिया होतो.

हे 104 ग्रॅम भरायला डबा लागतोच असं नाही. 300 ग्रॅम ज्वारी-गव्हाच्या पिठाच्या भाकरी-पोळ्यांतून 30, 70 ग्रॅम डाळीतून 15, दोन अंड्यांतून 12, म्हशीच्या अर्धा लिटर दुधातून 18, 30 ग्रॅम शेंगदाण्यांतून 7 आणि 40 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून 20. बेरीज 102. शेतात सोयाबीन पिकवून सगळं बाजारात नेणाऱ्या आणि त्याच पैशांतून पावडर आणणाऱ्या घरांनी हा हिशेब जरूर करावा. फक्त घरचं सोयाबीन कच्चं किंवा नुसतं भिजवून खाऊ नये. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नीट शिजवूनच खावं, नाहीतर त्यातले घटक प्रोटीन पचू देत नाहीत आणि पोट बिघडतं.

पावडर घ्यायचीच असेल तर एका मापातल्या 24-25 ग्रॅमला अन्न समजूनच बेरजेत धरा. वरून फुकटात धरू नका. डब्यावर अन्न सुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर तो डबा घेऊ नका. आणि "लवकर बॉडी बनते" म्हणून हातात येणारी इंजेक्शनं व गोळ्या हा विषयच वेगळा. त्यातल्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडनं किडनीच्या गाळण्या खरोखर खराब होतात. पोरगं दोन्ही घेत असतं आणि दोष पावडरच्या नावावर पडतो.

भरतीच्या पोरांची किडनी बसण्याचं आणखी एक कारण आहे, ते तर प्रोटीनशी संबंधितच नाही. सवय नसताना एप्रिल-मे महिन्यात उन्हात एकदम जास्त धावणं, शेकड्यानं बैठका मारणं, आणि अंग दुखलं की डायक्लोफिनॅकची गोळी. स्नायू फुटून त्यातला रंगद्रव्याचा गाळ किडनीत अडकतो, वरून अंगात पाणी नाही आणि गोळीनं किडनीकडे जाणारं रक्तही कमी केलेलं. लघवी काळ्या चहासारखी झाली आणि मांड्या दगडासारख्या दुखत असल्या, तर ती वेळ दवाखान्यात नेण्याची असते. घरी लिंबू-सरबत पाजत बसू नये.

निरोगी माणसालाही जास्त प्रोटीनचा एक खरा त्रास होऊ शकतो, तो मुतखड्याचा. मांस जास्त खाल्लं की लघवीतलं कॅल्शियम आणि युरिक अ‍ॅसिड वाढतं आणि खडे रोखणारं सायट्रेट कमी होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लघवी आधीच घट्ट असते. पूर्वी खडा झालेल्यानं मांस मोजकं ठेवावं आणि दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्यावं. किती प्यायलो यापेक्षा किती लघवी झाली हे पाहणं बरं, कारण वावरात घामावाटे किती गेलं ते कळत नाही.

## पायरी चौथी: किडनीचा आजार असेल तर

आता एक ताट पूर्ण मोडून पाहू. समजा, 52 वर्षांचे शेतकरी, वजन 60 किलो, आठ वर्षांची शुगर. क्रिएटिनिन 2.0, त्यावरून ईजीएफआर 39, एसीआर 450, बीपी 150/90. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तरी तसंच. म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा आजार, आणि लघवीतून अल्ब्युमिन बरंच जातंय. 2024 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशा माणसाचं प्रोटीन रोज दर किलोला 0.8 ग्रॅमवर ठेवायचं आणि 1.3 च्या वर जाऊ द्यायचं नाही. काकांसाठी 0.8 म्हणजे 48 ग्रॅम.

त्यांचं सध्याचं ताट असं. सकाळी पोहे 4, दिवसभराच्या चहातलं दूध 3. दुपारी दोन भाकरी (पीठ 150 ग्रॅम) 15, पंचवीस ग्रॅम तुरीचं वरण साडेपाच, भाजी 2, शेंगदाण्याची चटणी साडेतीन. रात्री पुन्हा दोन भाकरी 15, थोडा भात 3, पंचवीस ग्रॅम बेसनाचं पिठलं साडेपाच, भाजी 2. बेरीज साडेअठ्ठावन्न, म्हणजे दर किलोला 0.97. पुतण्याच्या डब्यातलं एक माप रोज घेतलं तर 24 आणखी, म्हणजे 82 आणि दर किलोला 1.37. एका चमच्यानं काका नको त्या रेषेच्या पलीकडे गेले.

आता "डाळ बंद" हा सल्ला या ताटावर लावून पाहा. वरण गेलं की साडेपाच ग्रॅम कमी. चार भाकरींतले 30 ग्रॅम तसेच. डाळीत जो लायसिन नावाचा घटक असतो तो ज्वारीत फार कमी. तेव्हा डाळ काढून भाकर ठेवणं म्हणजे चांगलं प्रोटीन काढून कमी प्रतीचं ठेवणं. हिशेब उलटा व्हायला हवा.

पहिलं, पावडर पूर्ण बंद. दुसरं, शेंगदाण्याची चटणी रोजची न ठेवता आठवड्यातून एकदा, त्यानं साडेतीन कमी. तिसरं, चारपैकी एक भाकर काढून तिच्या जागी 40 ग्रॅम तांदळाचा भात, त्यानं साडेचार कमी. चौथं, पिठल्याचं बेसन पंचवीसऐवजी पंधरा ग्रॅम, कांदा जास्त. त्यानं दोनच्या थोडं वर कमी. ताट 48 वर येतं आणि वरण जागेवरच राहतं. भाकर आणि चटणी कमी झाल्यानं जी ताकद कमी पडते ती बरीचशी भरायला दिवसभराच्या भाज्यांत तीन लहान चमचे तेल वाढवायचं. हे विसरलं तर शरीर ताकदीसाठी स्वतःचेच स्नायू जाळतं आणि त्याचाही युरिया होतो. म्हणजे प्रोटीन कमी खाऊनही किडनीवरचं ओझं तसंच राहतं. शुगरच्या माणसाला भात वाढवल्यावर साखर तपासून पाहावी लागते. ती चढली तर भात कमी करून डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाशी बोलावं.

मटणाचा दिवस पूर्ण तोडायचा नाही, मोजायचा. 50 ग्रॅम कच्चं मांस, म्हणजे दोन-तीन लहान फोडी, 10 ग्रॅम प्रोटीन. त्या दिवशी वरण आणि पिठलं नाही, की ताट पन्नासच्या आतच राहतं. तर्रीदार सावजी रश्श्यात मीठ जास्त असतं, म्हणून फोडी खाव्यात आणि रस्सा थोडाच घ्यावा. दिवसाचं सगळं मीठ 5 ग्रॅम, सपाट एक लहान चमचा. त्यात लोणचं, पापड, सांडगे धरले तर स्वयंपाकाला फार उरत नाही. खरं सांगायचं तर या काकांचं बीपी आणि मीठ ताब्यात आणणं, तसंच डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या न चुकवणं, याचा फायदा प्रोटीनच्या आठ-दहा ग्रॅमपेक्षा मोठा आहे. "कमी सोडियमचं मीठ" मात्र स्वतःहून आणू नये. त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीच्या पेशंटला ते धोक्याचं ठरू शकतं.

0.8 च्याही खाली, म्हणजे 0.6 वर किंवा प्रोटीनच्या घटकांची जागा भरणाऱ्या कीटो-अ‍ॅनालॉग गोळ्यांसोबत 0.3-0.4 वर नेण्याच्या पद्धती आहेत. त्या किडनीतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखालीच. घरी ऐकीव माहितीवर इतकं खाली जाऊ नये. वय जास्त असेल, वजन उतरत असेल, अंगातले स्नायू गेलेले असतील, तर 0.8 ही मर्यादासुद्धा डॉक्टर सैल करतात. तिथे आधी माणूस उभा राहायला हवा.

## जमतंय की बिघडतंय हे कसं ओळखायचं

दर महिन्याला त्याच काट्यावर, त्याच वेळी वजन करा. अंगावर सूज असेल तर वजन फसवतं, म्हणून दंडाचा घेर आणि उठताना लागणारा आधार याकडेही लक्ष ठेवा. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, एसीआर, पोटॅशियम आणि बीपी पाहा.

इथे एक मोठी फसगत होते. डाळ बंद केली, भूक मेली, वजन 60 चं 54 झालं आणि क्रिएटिनिन 2.0 वरून 1.7 वर आलं. घरात आनंद होतो, "फरक पडला." पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू झिजले की ते कमीच होणार. किडनी सुधारली असं त्यावरून म्हणता येत नाही. युरिया कमी झाला तरी त्याचा अर्थ बहुधा एवढाच की प्रोटीन कमी खाल्लं. एसीआर उतरला, बीपी ताब्यात आलं, वजन जागेवर राहिलं आणि ईजीएफआर टिकलं, तर खरा फायदा. खाल्लेल्या प्रोटीनबद्दल घरी आणि दवाखान्यात एकमत होत नसेल, तर 24 तासांची लघवी साठवून त्यातला युरिया मोजतात. त्यावरून रोज किती प्रोटीन पोटात गेलं ते डॉक्टर काढतात. सगळी लघवी कॅनमध्ये साठवली आणि वेळ पाळली तर ही तपासणी लपवाछपवी उघडी पाडते, दोन्ही बाजूंची.

## डायलिसिस सुरू झालं की नियम उलटतो

ही गोष्ट घरापर्यंत नीट पोहोचत नाही आणि त्याचे परिणाम वाईट होतात. डायलिसिसच्या प्रत्येक वेळी रक्तातून प्रोटीनचे सुटे घटक, म्हणजे अमिनो अ‍ॅसिडही निघून जातात, त्यामुळे प्रोटीनची गरज वाढून दर किलोला 1.0 ते 1.2 ग्रॅम होते. साठ किलोच्या त्याच काकांना आता 60 ते 72 ग्रॅम लागतात. घरी मात्र जुनी पथ्याची वही चालू राहते, "डाळ नाही, अंडं नाही," आणि माणूस महिन्या-महिन्यानं खंगत जातो.

आधीच्या 48 ग्रॅमच्या ताटात चार अंड्यांचं पांढरं घातलं तर 14 ग्रॅम वाढतात आणि बेरीज 62 वर येते. पांढऱ्यात फॉस्फरस कमी असतो, म्हणून पिवळं न घालता ते जास्त घेता येतं. अंडं न खाणाऱ्यांना पनीर, घट्ट डाळ किंवा तोललेल्या सोया वड्यांतून ते भरावं लागतं. त्या वेळी पोटॅशियम आणि फॉस्फरसचे आकडे पाहून कोणतं किती ते ठरवतात. फॉस्फरस बांधणारी गोळी दिली असेल तर ती जेवणाच्या घासासोबतच घ्यायची, रिकाम्या पोटी घेतली तर उपयोग होत नाही. डायलिसिसच्या दिवशी सेंटरवर जाण्या-येण्यात पाच-सहा तास जातात आणि जेवण हमखास चुकतं. त्या दिवसासाठी उकडलेल्या अंड्यांचं पांढरं आणि भाकर घरून बांधून न्यावी. मशीनवर असताना खाल्लं की बीपी पडत असेल, तर सुई काढून झाल्यावर खावं.